रेझ्युमेतलं अर्धवट येणारं एसक्यूएल

रेझ्युमेतल्या कौशल्यांच्या यादीत सगळी नावं एकाच ओळीत, एकाच टायपात छापलेली असतात. चार वर्षं रोज वापरलेलं एक्सेल आणि महिन्याभरापूर्वी शिकायला घेतलेलं एसक्यूएल वाचणाऱ्याला सारखंच वाटतं. फरक उघड होतो तो मुलाखतीत, आणि तोही बहुधा दुसऱ्या प्रश्नाला. ‘एसक्यूएल येतं का?’ याला ‘हो’ म्हणून निभावतं. पण लगेच ‘INNER JOIN आणि LEFT JOIN मध्ये फरक काय?’ असं विचारलं, की पाठ केलेली व्याख्या आणि स्वतः केलेलं काम वेगळं ओळखू येतं. त्या क्षणी गेलेला विश्वास एसक्यूएलपुरता राहत नाही. एक्सेलचा खरा अनुभवही मग संशयाने ऐकला जातो.

एका वितरकाच्या कचेरीत बिलांचा हिशेब सांभाळणारी बी.कॉम. झालेली उमेदवार एमआयएस एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी मुलाखतीला गेली आहे, असं धरू. ‘थोडंफार येतं’ हे तिचं उत्तर खरं असलं तरी समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही. येणाऱ्या गोष्टींची हद्द नेमकी सांगितली तर कळतं: ‘एका टेबलातून SELECT आणि WHERE ने माहिती काढता येते, GROUP BY ने महिनावार बेरजा करता येतात. दोन टेबलं जोडायला नुकतीच शिकले आहे, कामात अजून वापरलेलं नाही.’ आता मुलाखत घेणारा या हद्दीच्या आसपासचेच प्रश्न विचारतो आणि उत्तरं तिथल्या तिथे पडताळून पाहू शकतो.

शिकण्याचा वेगही याच हद्दीवर दिसतो. ‘मी लवकर शिकते’ हे वाक्य सगळेच म्हणतात. त्यापेक्षा जुन्या ज्ञानातून नवं कसं उकललं, हे दाखवलेलं जास्त बोलतं. समजा, एकही बिल न झालेले ग्राहक शोधायला सांगितले. एक्सेलमध्ये ती ग्राहकांच्या यादीपुढे VLOOKUP लावून बिलांच्या शीटमध्ये प्रत्येकाचा क्रमांक शोधेल आणि जिथे #N/A येईल तेवढे ग्राहक वेगळे काढेल. तोच विचार मोठ्याने बोलत ती एसक्यूएलमध्ये असा उतरवू शकते:

```sql
SELECT g.naav
FROM grahak g
LEFT JOIN bill b ON g.id = b.grahak_id
WHERE b.id IS NULL;
```

LEFT JOIN मुळे बिल नसलेले ग्राहकही यादीत राहतात आणि त्यांच्या बिलाच्या रकान्यात NULL येतं. INNER JOIN लावलं असतं तर नेमके हेच ग्राहक गळले असते. विचारलेल्या फरकाचं उत्तर असं कामातूनच मिळतं.

पण हे साम्य कुठे तुटतं तेही तिला सांगता आलं, तर समज वरवरची नाही हे पटतं. VLOOKUP पहिली जुळणारी ओळ सापडली की थांबतं. JOIN मात्र जुळणाऱ्या सगळ्या ओळी आणतं. एका ग्राहकाची उधारीची मर्यादा ५०,००० रुपये असेल आणि त्याची तीन बिलं असतील, तर जोडलेल्या टेबलात ती मर्यादा तीनदा येते आणि बेरीज १,५०,००० दाखवते. एरर कुठेच येत नाही, म्हणूनच नवख्या माणसाच्या ही चूक ध्यानात येत नाही. JOIN च्या आधी आणि नंतर ओळी मोजल्या की ती पकडता येते. अशी पडताळणी आपणहून सांगणारा उमेदवार कमी शिकलेला असला तरी त्याच्या हाती डेटा देताना धास्ती वाटत नाही.

मागचा दाखला द्यायचा तर तोही इतकाच बारीक हवा: कोणता रिपोर्ट हाताने व्हायचा, त्यासाठी काय शिकावं लागलं, किती दिवस लागले, कुठे अडलं आणि आता तो कसा निघतो. नुसत्या कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा अडलेल्या जागेचं वर्णन जास्त खात्रीचं असतं, कारण ते काम केल्याशिवाय सांगता येत नाही.

प्रश्न हद्दीपलीकडे गेला, उदाहरणार्थ विंडो फंक्शनवर आला, तर ‘हे वापरलेलं नाही’ असं सरळ सांगून, येतं त्यातून कुठवर जाता येईल तेवढंच बोलावं. काही जागांना हे पुरत नाही. पहिल्या दिवसापासून एकट्याने क्वेरी लिहायच्या असतील आणि तपासणारं दुसरं कुणी नसेल, तर शिकण्याचा वेग कितीही असला तरी ती जागा तिच्यासाठी नाही. हे मुलाखतीतच कळावं म्हणून ‘पहिल्या तीन महिन्यांत कोणते रिपोर्ट करावे लागतील, आणि ते कोण तपासतं?’ हा प्रश्न तिनेही विचारायला हवा.

रेझ्युमेतली ओळही त्याच मापाची करता येते. ‘एसक्यूएल’ या एका शब्दाऐवजी ‘एसक्यूएल (प्राथमिक: एका टेबलावरच्या क्वेरी, GROUP BY, JOIN शिकत आहे)’ असं लिहिलं, की मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुतेक वेळा JOIN वरच येतो, आणि त्याची तयारी तिला घरूनच करून जाता येते.