चिकूचं ऑपरेशन आणि अडकलेला क्लेम

तर मंडळी, गेल्या मे महिन्यात आमच्या मनीषनगरच्या घरी चिकूने, म्हणजे आमच्या लॅब्राडॉरने, आंब्याची अख्खी कोय गिळली. ती आतड्यात अडकली आणि रात्रीच ऑपरेशन करावं लागलं. बिल ३२,००० रुपये. क्लेम टाकला, तर इन्शुरन्सवाल्यांनी दोन शंका काढल्या.

पहिली, बिलावर एकच ओळ: ‘सर्जरी पॅकेज’. त्यातून काय कापायचं ते त्यांना कळेना. मग दवाखान्यातून फोड करून आणली: ऑपरेशन १५,०००, भूल ४,०००, एक्स-रे आणि रक्त तपासणी ३,५००, औषधं-सलाईन ५,५००, दोन दिवस भरती २,४००, खास खाणं १,६००.

दुसरी शंका जास्त धोक्याची होती. डॉक्टरांनी घाईत समरीत ‘उलट्यांचा जुना त्रास’ लिहिलं होतं. खरं तर उलट्या आदल्या दिवशीच सुरू झालेल्या. पण ‘जुना’ वाचलं की पॉलिसीआधीचा आजार समजून क्लेम नाकारता येतो ना भाऊ! डॉक्टरांनी जुने केसपेपर बघून सुधारित समरी दिली: लक्षणं कधीपासून, एक्स-रेत काय दिसलं, पोटातून काय निघालं, थांबता का आलं नसतं. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

माझ्या पॉलिसीत खाणं बसत नाही आणि २० टक्के वाटा आपला. म्हणजे ३०,४०० चे ८० टक्के, २४,३२० रुपये खात्यात आले. चिकूसमोर आंबा खाणं मात्र बंद.