तिकिटाचा फोटो वाचताना

घरातल्या ग्रुपवर रेल्वेच्या तिकिटाचा फोटो येतो, खाली एक ओळ असते, 'हे बघून सांग, सीट मिळालीय ना?' फोटो बहुधा घाईत काढलेला असतो. कागदाची घडी नेमकी आकड्यावरून गेलेली, वर ट्यूबलाइटचा उजेड, आणि व्हॉट्सॲपने उरलासुरला तपशील पुसलेला. तरीही त्यातून बरंच काही कळतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

एक प्रसंग समजा. आई-वडील कोकणकन्येने मुंबईहून कुडाळला निघालेत, स्लीपरने. तिकीट खिडकीवर रांग लावून काढलेलं, छापील. दुसऱ्या दिवशी पुतण्याचंही जायचं ठरलं, त्याने मोबाइलवरून ई-तिकीट काढलं. दोन्हींचे फोटो तुमच्यासमोर आहेत.

आधी छापील तिकीट. प्रत्येक प्रवाशाच्या ओळीत डब्याचा क्रमांक, बर्थचा क्रमांक आणि त्यापुढे दोन अक्षरं असतात. `S` म्हणजे स्लीपर, `S4` म्हणजे स्लीपरचा चौथा डबा. `B` थ्री-टायर एसीचा, `A` टू-टायरचा, आणि `M` थ्री-टायर एसी इकॉनॉमीचा. पुढची अक्षरं बर्थ कुठला ते सांगतात: `LB` खालचा, `MB` मधला, `UB` वरचा, `SL` साइड लोअर, `SU` साइड अप्पर. ई-तिकिटावर हेच पुष्कळदा पूर्ण शब्दांत येतं.

आपल्या फोटोत दुसरी ओळ स्वच्छ आहे: `S4`, `52`, `LB`. पहिल्या ओळीत `S4` आणि `LB` दिसतंय, पण घडीमुळे बर्थचा आकडा 43 आहे, 48 आहे की 49, हे कळत नाही. इथे अंदाज करायची गरज नाही, कारण स्लीपरमधले आकडे आणि जागा एकमेकांना बांधलेल्या असतात. प्रत्येक कप्प्यात आठ बर्थ. पहिला आणि चौथा खालचा, दुसरा आणि पाचवा मधला, तिसरा आणि सहावा वरचा, सातवा साइड लोअर, आठवा साइड अप्पर. पुढच्या कप्प्यात हाच क्रम पुन्हा सुरू होतो. म्हणजे आकड्याला आठाने भागायचं आणि बाकी बघायची. बाकी शून्य आली तर तो आठवा. 43 ची बाकी तीन, तो वरचा. 48 ला पूर्ण भाग जातो, तो साइड अप्पर. 49 ची बाकी एक, तो खालचा. शेजारी `LB` छापलंय, तेव्हा आकडा 49 च. आणि 52 ची बाकी चार, तोही खालचा, त्याच कप्प्यातला. दोघं समोरासमोरच्या खालच्या बर्थवर आहेत. गुडघ्यांचा प्रश्न मिटला.

हा हिशेब जुन्या 72 बर्थच्या स्लीपरला चालतो तसाच नव्या एलएचबी बनावटीच्या 80 बर्थच्या डब्यालाही चालतो, आणि थ्री-टायर एसीलाही. टू-टायर एसीत मधला बर्थच नसल्याने तिथे सहाने भागायचं: एक आणि तीन खालचे, दोन आणि चार वरचे, पाच साइड लोअर, सहा साइड अप्पर. फर्स्ट क्लास एसीच्या तिकिटावर मात्र बर्थ शोधत बसू नका. तिथे केबिन आणि बर्थ चार्ट बनतानाच ठरतात.

आता पुतण्याचं तिकीट. त्यावर `GNWL38/WL11` असं आहे. हा अकरावा की अडतिसावा? पहिला आकडा तिकीट काढण्याच्या वेळचा, तो कधीच बदलत नाही. दुसरा आकडा त्या तिकिटाची प्रत बनली त्या क्षणाचा. मधल्या काळात पुढचे सत्तावीस सरकले आणि हा अकरावर आला. लोक पहिला आकडा बघून घाबरतात किंवा दुसरा बघून निर्धास्त होतात, पण फोटो कधीचा आहे हे कुणी विचारत नाही. तीन दिवसांपूर्वीच्या फोटोतला अकरा आज चार असू शकतो, किंवा अकराच.

शिवाय अकरा संपले की थेट बर्थ मिळतो असंही नाही. मध्ये आरएसीचा टप्पा आहे. कन्फर्म तिकिटवाल्याने तिकीट रद्द केलं की तो बर्थ आरएसीतल्या पहिल्याला मिळतो, आणि वेटिंगमधला पहिला आरएसीत येतो. आरएसीत भाडं पूर्ण, पण साइड लोअर बर्थ दोघांत. बसायची जागा नक्की, झोपायची नाही. तरीही गाडीत चढायचा हक्क मिळतो, आणि माझ्या मते रात्रीच्या प्रवासात वेटिंग एकपेक्षा आरएसी वीस कितीतरी बरं.

वेटिंगच्या आकड्यापेक्षा त्याआधीची अक्षरं जास्त बोलतात. `GNWL` ही सर्वसाधारण यादी, बहुधा गाडी जिथून सुटते तिथल्या किंवा जवळपासच्या प्रवाशांची. ती त्यातल्या त्यात लवकर सरकते. `RLWL` मधल्या मोठ्या स्टेशनांच्या वेगळ्या कोट्याची आणि `PQWL` अनेक लहान स्टेशनांनी मिळून वाटून घेतलेल्या कोट्याची. कोटाच मुळात लहान, तेव्हा रद्द होणारी तिकिटंही थोडी. म्हणून `RLWL` पाच हे `GNWL` तीसपेक्षा वाईट ठरू शकतं. `TQWL` तत्काळचं, त्याला आरएसीचा टप्पाच नसतो. मिळालं तर सरळ बर्थ, नाहीतर काहीच नाही.

निकाल लागतो चार्ट बनल्यावर. पूर्वी पहिला चार्ट गाडी सुटण्याच्या चार तास आधी बनायचा, 2025 मध्ये रेल्वेने तो बराच अलीकडे आणला. साधारण दहा तास आधी, आणि सकाळच्या गाड्यांचा तर आदल्या रात्रीच. चार्ट बनूनही सगळे प्रवासी वेटिंगमध्येच राहिले तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. त्या तिकिटावर गाडीत चढणं म्हणजे विनातिकीट प्रवास. खिडकीवरचं वेटिंग तिकीट असं आपोआप रद्द होत नाही. गाडी सुटायच्या अर्ध्या तासाआधी ते स्वतःच रद्द करून घ्यावं लागतं, आणि ते हातात आहे म्हणून आरक्षित डब्यात चढता येत नाही.

म्हणून फोटोतली सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे दहा आकडी पीएनआर. तो 139 वर विचारता येतो, रेल्वेच्या संकेतस्थळावरही. तिथे नावं येत नाहीत, 'प्रवासी एक, प्रवासी दोन' असं येतं. क्रम तिकिटावरचाच, तेव्हा फोटोतल्या ओळींशी तो जुळवायचा. गाडी किंवा तारीख वेगळीच निघाली तर समजा, पीएनआरमधला तीन की आठ, एक की सात असा एखादा आकडा चुकीचा वाचलाय.

कन्फर्म तिकिटाचीही चार्टनंतर एकदा खात्री करावी. तिकीट काढताना वरच्या वर्गात बदलाला होकार दिलेला असेल आणि तिथे जागा उरली असेल, तर ज्यादा पैसे न घेता स्लीपरवाल्याला थ्री-टायर एसीत टाकतात. फोटोत `S4` आणि प्रत्यक्षात `B2`. फोटोवर विसंबून चौथ्या स्लीपरमध्ये गेलात तर तुमच्या बर्थवर दुसरंच कुणी पांघरूण घेऊन झोपलेलं सापडतं.

आणि आई-वडिलांना निघताना एक विचारा, कागद घेतलाय ना? ई-तिकिटाला मोबाइलवरचा संदेश आणि एका प्रवाशाचं मूळ ओळखपत्र पुरतं. खिडकीवरच्या तिकिटाचं तसं नाही. ते मूळच दाखवावं लागतं, त्याचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी टीसी तो तिकीट मानत नाही.