तीळ ठेवायचा की पुसायचा?

रीटचिंग करणारे एक साधी कसोटी लावतात: ही खूण पंधरा दिवसांनी चेहऱ्यावर असेल का? मुरूम जाईल, म्हणून तो पुसायचा. तीळ राहील, म्हणून ठेवायचा. समजा, स्थळाला पाठवायच्या फोटोत मुलीच्या ओठावर तीळ आहे. तो काढला तर बघायला आलेली मंडळी गोंधळतील. आईला तर फोटो पाहताक्षणीच खटकेल. मुलीलाच तो ठळक नको असेल, तर वेगळ्या लेअरवर हीलिंग ब्रशने पुसावा आणि त्या लेअरची ओपॅसिटी निम्म्यावर आणावी. तीळ फिका होतो, हरवत नाही. गालांवरचे बारीक तपकिरी ठिपकेही असेच मंद करावेत. सगळे पुसले की त्वचा मेणासारखी दिसते. पासपोर्टच्या फोटोत मात्र ब्रशला हातच लावायचा नाही.