गिळलं ते नाणं की बटण सेल?

दीड-दोन वर्षांच्या मुलाने जमिनीवर पडलेलं काहीतरी तोंडात घातलं, क्षणभर ठसकलं आणि पुन्हा खेळायला लागलं. घरातल्यांनी पाहिलं ते इतकंच, की गोल, चपटं, चकाकणारं काहीतरी होतं. "नाणं असेल, केळं खायला द्या, उद्या-परवा शौचातून पडेल," असं कुणीतरी म्हणतं. मूल हसतंय, दूध पितंय, म्हणून सगळे निर्धास्त होतात. गिळलेली वस्तू खरंच नाणं असेल, तर हा अंदाज अनेकदा खराही ठरतो. पण ती बटण सेल असेल, तर मूल हसत-खेळत असतानाच त्याची अन्ननलिका आतून भाजायला सुरुवात झालेली असते.

हातात धरून पाहिलं तर दोन्हींत फारसा फरक नाही. सध्याचं एक रुपयाचं नाणं साधारण 20 मिलिमीटर रुंद आहे. रिमोटमध्ये, गाडीच्या किल्लीत किंवा वजनकाट्यात बसणारी सर्रास वापरातली बटण सेल 20 मिलिमीटरची असते. तिच्यावर CR2032 असं कोरलेलं असतं. त्यातले पहिले दोन आकडे तिची रुंदी सांगतात आणि 32 म्हणजे जाडी 3.2 मिलिमीटर. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला नेमका हाच आकार पुरेसा होतो. याहून लहान, घड्याळातल्या सेल बऱ्याचदा खाली पोटात उतरतात. 20 मिलिमीटरची सेल मात्र पाच वर्षांखालच्या मुलांच्या गळ्याच्या खाली किंवा छातीच्या वरच्या भागात अडकून बसते.

पुढे जे घडतं त्याबद्दल एक गैरसमज आहे. सेल फुटते, आतलं रसायन गळतं आणि त्याने इजा होते, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात सेल पूर्ण शाबूत असतानाही इजा होते. अन्ननलिकेची ओली भिंत सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटते आणि तीन व्होल्टचं वर्तुळ पूर्ण होऊन प्रवाह वाहू लागतो. सेलच्या ऋण बाजूला पाण्याचं विघटन होतं आणि तिथे तीव्र अल्कली तयार होऊ लागते. तुंबलेली मोरी साफ करायच्या कॉस्टिकची जात तीच. या अल्कलीने ऊती विरघळत जातात. पंधरा-वीस मिनिटांत इजेला सुरुवात होते आणि दोन तासांत भाजणं गंभीर होऊ शकतं. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही इतका व्होल्टेज उरलेला असतो, की "जुनी, संपलेली होती" या वाक्यात कसलाही दिलासा नाही.

मग मूल बरं कसं दिसतं? चकती आडवी नसते. ती उभी बसते आणि तिच्या बाजूने दूध, पाणी, कधीकधी पातळ पेजही खाली जाते. दीड वर्षाच्या मुलाला छातीत दुखतंय हे सांगता येत नाही. काही तासांनी लाळ गळते, घास नको होतो, खोकला येतो, ताप येतो, आवाज घोगरा होतो. ही सगळी लक्षणं साध्या सर्दी-खोकल्यासारखीच असतात. गिळताना कुणी पाहिलं नसेल, तर निदान चुकायला इतकं पुरतं.

अमेरिकेत टेक्सासमध्ये 2020 मध्ये नेमकं हेच झालं. रीझ नावाच्या दीड वर्षाच्या मुलीला सर्दी झाल्यासारखं वाटलं आणि श्वास घेताना घरघर येऊ लागली. डॉक्टरांनी घशाच्या सुजेचं निदान केलं. त्यानंतर घरच्यांच्या लक्षात आलं, की एका रिमोटमधली बटण सेल जागेवर नाही. तातडीने शस्त्रक्रिया करून सेल काढली, पण तोवर अन्ननलिकेला भोक पडलं होतं आणि पुढे अन्ननलिका नि श्वासनलिका यांच्यात आरपार वाट तयार झाली. अनेक आठवड्यांच्या झुंजीनंतर डिसेंबरमध्ये तिचा मृत्यू झाला. तिच्या आईने लावून धरल्यावर 2022 मध्ये अमेरिकेत 'रीझ लॉ' संमत झाला. बटण सेल असलेल्या वस्तूचं झाकण मुलाला सहज उघडता येऊ नये, अशी त्यात सक्ती आहे: एक तर अवजार लागावं, नाहीतर दोन वेगळ्या हालचाली एकाच वेळी कराव्या लागाव्यात.

संशय आला, तर एक्स-रे लगेच काढायला हवा. मानेपासून पोटापर्यंतचा, समोरून आणि बाजूने. समोरच्या चित्रात नाणं एकसंध पांढरी चकती दिसतं, तर सेलच्या कडेच्या आत आणखी एक फिकट वर्तुळ असतं. बाजूच्या चित्रात सेलच्या एका अंगाला छोटीशी पायरी दिसते. अरुंद बाजू ती ऋण बाजू. ती श्वासनलिकेकडे आहे की मागे मणक्याकडे, यावरून इजा कुठे होणार याचा अंदाज बांधतात. पातळ सेलमध्ये या खुणा पुसट असतात, म्हणून खात्री नसेल तर सेलच आहे असं धरून चालावं लागतं. नाणं अन्ननलिकेत असेल आणि मुलाला काही त्रास नसेल, तर डॉक्टर 12 ते 24 तास वाट पाहू शकतात. सेल तिथे असेल, तर भूल देऊन दुर्बिणीने ताबडतोब काढावी लागते. भुलीआधी पोट रिकामं हवं म्हणून सहा तास थांबण्याचा नेहमीचा नियमही इथे बाजूला ठेवला जातो.

घरी करायचं एकच काम आहे आणि तेही दवाखान्याकडे निघतानाच. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेल आणि भिंत यांच्यामध्ये थर धरतो आणि अल्कलीची धार थोडी बोथट करतो, हे डुकरांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्याने वेळ मिळतो, सेल निघत नाही. म्हणून मध शोधायला गाडी थांबवू नये. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, त्याला त्यातून बोटुलिझम होऊ शकतो. उलटी करवू नये, घशात बोट घालू नये, केळं किंवा भात कोंबू नये. लहान मुलांवर दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट जावं, वाहन नसेल तर 108 ला फोन करावा. आणि तशीच दुसरी सेल किंवा ज्यातून ती निघाली ते उपकरण सोबत न्यावं, नंबरावरून डॉक्टरांना आकार कळतो.

दिवाळीत मिणमिणणाऱ्या इलेक्ट्रिक पणत्या, वाजणारी शुभेच्छापत्रं, चमकणारी खेळणी यांची झाकणं बऱ्याचदा नखानेही उघडतात. विकत घेताना स्क्रूने बंद होणारं झाकण आहे का ते पाहावं आणि काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ती मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.

सेल निघाल्यावरही अल्कलीने सुरू केलेलं काम थांबत नाही. भाजलेली भिंत पुढचे काही दिवस, कधी काही आठवडे झिजत राहते. शेजारून जाणाऱ्या महाधमनीपर्यंत ही झीज पोचली, तर जीवघेणा रक्तस्राव होतो, आणि त्याआधी कधीकधी थोडंसंच रक्त उलटीतून येतं किंवा शौच काळं होतं. मूल घरी परतून जेवू लागलेलं असलं, तरी असा एकही थेंब दिसला तर लगेच, जिथे सेल काढली त्याच रुग्णालयात पुन्हा न्यावं लागतं.