निरुपद्रवी वायूचा उपद्रव

रेफ्रिजरेटरच्या नळ्यांतून एक वायू सारखा फिरत असतो. दाबला की तो द्रवरूप होतो, आणि दाब काढला की पुन्हा वायुरूप होताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. शंभर वर्षांपूर्वी ह्या कामासाठी अमोनिया, सल्फर डायॉक्साइड यांसारखे वायू वापरीत. ते विषारी होते. नळी फुटली की घरातील माणसे गुदमरून दगावत. म्हणून १९२८ साली टॉमस मिजली ह्या अमेरिकन रसायनज्ञाने कार्बन, क्लोरीन आणि फ्लोरीन यांच्या संयोगाने एक नवा वायू शोधून काढला. १९३० साली रसायनज्ञांच्या सभेत त्याने तो छातीभर ओढून घेतला आणि त्याच श्वासाने जळती मेणबत्ती विझवून दाखविली. वायू विषारी नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे त्यावरून एकदमच सिद्ध झाले. पुढे ह्या कुळातील वायूंना क्लोरोफ्लुओरोकार्बन असे लांबलचक नाव पडले. आपण त्यांना थोडक्यात 'सीएफसी' म्हणू. शीतयंत्रांत, फवाऱ्याच्या डब्यांत आणि फोमच्या गाद्यांत हे वायू शिरले. त्यांचा मोठा गुण एकच, की ते कशाशीही संयोग पावत नाहीत. आजच्या भाषणाचा विषय हा गुणच आहे.

कशाशी संयोग न पावणारा पदार्थ नष्टही होत नाही. पाऊस त्याला धुऊन नेत नाही, माती शोषीत नाही. १९७१ साली जेम्स लव्हलॉक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने जहाजावरून अंटार्क्टिकाकडे जाताना वाटेवर हवेचे नमुने तपासले, तेव्हा कारखान्यांपासून हजारो मैल दूर असलेल्या भर समुद्रावरही त्याला हा वायू सापडला. मग त्याचे शेवटी होते तरी काय, असा प्रश्न कॅलिफोर्नियातील शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांना पडला. १९७४ साली त्यांनी दिलेले उत्तर असे, की हा वायू वर्षानुवर्षे हवेबरोबर वर वर सरकत राहतो आणि अखेर ओझोनच्या थरात पोहोचतो.

हा थर म्हणजे काय? आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर सूर्याचे प्रखर जंबुपार किरण, ज्यांना आता अतिनील किरण म्हणतात, प्राणवायूचे रेणू फोडतात. सुटा झालेला अणू दुसऱ्या रेणूस चिकटला की ओझोन तयार होतो. हा ओझोन किती थोडा आहे पाहा. आकाशातील सगळा ओझोन जमिनीवरील दाबाला आणून पसरला, तर त्याचा थर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांइतका. पण जे अतिनील किरण कातडी जाळतात, डोळ्यांत मोतीबिंदू आणतात, पेशींतील आनुवंशिक द्रव्य बिघडवून कर्करोगाला वाट करून देतात, त्यांपैकी बहुतेक एवढ्याशा ओझोनमध्येच अडतात. ही जाडी मोजण्याची एक पद्धत आहे. तीन मिलिमीटरच्या थराला तीनशे डॉब्सन एकके म्हणतात. डॉब्सन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाचे यंत्र सूर्यप्रकाशातील दोन रंगलहरींची तुलना करते. एक ओझोन पुष्कळ शोषतो ती, आणि दुसरी थोडी शोषतो ती. पहिली जितकी फिकी, तितका ओझोन अधिक.

आता पुन्हा आपल्या वायूकडे वळू. खाली कोणीही न फोडू शकलेला तो रेणू वर गेल्यावर तेथील प्रखर किरणांनी फुटतो आणि त्यातून क्लोरीनचा अणू मोकळा होतो. तो ओझोनचा एक अणू हिरावून घेतो. थोड्याच वेळात हा हिरावलेला अणू प्राणवायूच्या सुट्या अणूला देऊन क्लोरीन पुन्हा मोकळा होतो आणि दुसऱ्या ओझोनवर तुटून पडतो. क्लोरीन स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून एकच अणू लाखभर ओझोनचे रेणू मोडू शकतो.

कागदावर मांडलेल्या ह्या तर्कावर कारखानदारांनी शंका घेतल्या, आणि त्या अगदीच अवाजवी होत्या असे नाही. कोणी प्रत्यक्ष घट पाहिलेली नव्हती. ती दिसली ती अंटार्क्टिकावरच्या हॅले बे नावाच्या ब्रिटिश ठाण्यावर. १९५० नंतरच्या दशकापासून तेथे डॉब्सनचे यंत्र दरवर्षी चालू होते. जुन्या नोंदींत ऑक्टोबर महिन्यात सुमारे तीनशे एकके भरत. १९७५ नंतर आकडे घसरू लागले आणि १९८४ पर्यंत ते दोनशेच्या खाली आले. जोसेफ फार्मन यांनी आधी यंत्रावरच संशय घेतला. दुसरे यंत्र नेऊन लावले, तरी आकडे तेच. मग मे १९८५ मध्ये गार्डिनर आणि शँकलिन ह्या सहकाऱ्यांसह त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. अमेरिकेचा उपग्रहही त्या वेळी हीच मापे घेत होता, पण इतके कमी आकडे अशक्यप्राय धरून त्यांवर संशयाची खूण करण्याची सूचना त्याच्या गणितात होती. मोजमापे फेकून दिली गेली, असे पुष्कळदा सांगतात. ते खरे नाही. ती शिल्लक होती, आणि पुन्हा तपासल्यावर त्यांनी हॅलेच्या नोंदींस पुष्टीच दिली.

पण ही घट दक्षिण ध्रुवावरच का, आणि तीही तेथील वसंतातच का? ह्याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. एरवी क्लोरीनचा बहुतेक भाग दोन निरुपद्रवी संयुगांत अडकून पडलेला असतो, एक हायड्रोजनबरोबर आणि दुसरे नत्राच्या ऑक्साइडबरोबर. ध्रुवावर हिवाळ्यात अनेक महिने रात्र असते. वारे ध्रुवाभोवती रिंगण धरून आतली हवा बाहेर जाऊ देत नाहीत, आणि तापमान शून्याखाली ७८ अंशांच्याही खाली उतरते. तेव्हा त्या कोरड्या उंचीवरही विरळ ढग जमतात. त्यांच्या कणांवर ही दोन संयुगे एकत्र येतात आणि क्लोरीनचे रेणू मोकळे होतात. अंधारात ते स्वस्थ असतात. सप्टेंबरात सूर्य उगवला, की ते फुटतात आणि काही आठवड्यांतच १४ ते २० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यातील जवळजवळ सगळा ओझोन फस्त होतो. ढगांचा हा भाग सुझन सॉलोमन यांनी मांडला. १९८७ साली चिलीतून उडालेल्या विमानाने पाहिले, की ज्या ठिकाणी क्लोरीनचे ऑक्साइड एकदम वाढते, नेमका त्याच ठिकाणी ओझोन घटतो. वाद तेथे संपला. आपल्या देशावर असे छिद्र पडत नाही, कारण ध्रुवासारखे वाऱ्यांचे रिंगण आणि ते ढग येथे नाहीत. छिद्र हा शब्दही जरा फसवा आहे. ती विरळ पडलेली जागा असते, भोक नव्हे.

सप्टेंबर १९८७ मध्येच मॉन्ट्रिअल येथे हे वायू कमी करण्याचा करार झाला. पुढे तो कडक होत गेला. विकसित देशांनी १९९६ पर्यंत आणि भारतासारख्या देशांनी २०१० पर्यंत त्यांचे उत्पादन बंद करावयाचे ठरले. रोलंड व मोलिना यांना, आणि नत्राच्या ऑक्साइडांचे कार्य आधी दाखविणाऱ्या पॉल क्रुट्झन यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आकाशातील क्लोरीन आता कमी होत आहे, पण अतिशय मंदपणे. रेफ्रिजरेटरमध्ये पूर्वी सर्रास असलेल्या सीएफसीचे आयुष्य हवेत सुमारे शंभर वर्षे असते, आणि जुनी यंत्रे व फोम यांतून तो अजूनही झिरपतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाच्या अंदाजाप्रमाणे दक्षिण ध्रुवावरील ओझोन १९८० च्या पातळीवर येण्यास साधारण २०६६ साल उजाडेल. तोवर दर सप्टेंबरात सूर्य उगवला, की ते ढग आणि तो क्लोरीन आपले काम करीतच राहतील.