बिल्डरसमोर बसण्याआधीचं टिपण

पुनर्विकासाला निघालेल्या मुंबईतल्या सोसायटीत एक प्रेझेंटेशन हमखास तयार होतं. पीएमसी, म्हणजे प्रकल्प सल्लागार, ते बनवतो. त्यात आलेख असतात, नव्या इमारतीची चित्रं असतात, आणि सभासदांना विषय समजावायला ते चांगलंच असतं. पण बिल्डरच्या ऑफिसात बसलेल्या सचिवाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. समोरून ‘एरिया थोडा कमी घ्या, भाडं वाढवून देतो’ असं आलं, की उत्तर द्यायला अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात सत्ताविसावी स्लाइड शोधून होत नाही. त्यासाठी दोन पानांचं टिपण लागतं.

ते करताना स्लाइड्स आखडून घेण्याचा मोह होतो. त्याऐवजी प्रत्येक मुद्द्याला तीन प्रश्न विचारावेत: आपण मागणार किती, खाली उतरायचं तर किती, आणि उतरल्याच्या बदल्यात काय घ्यायचं? तिसऱ्याचं उत्तर प्रेझेंटेशनमध्ये क्वचितच असतं, आणि टेबलावर गरज नेमकी त्याचीच पडते.

एक हिशेब करून पाहू. समजा, सोसायटीत 40 घरं आहेत, प्रत्येकी 500 चौरस फूट कार्पेटची. म्हणजे एकूण 20,000 चौरस फूट. नव्या घरांचा विक्रीदर चौरस फुटाला 30,000 रुपये धरला, तर जादा क्षेत्राचा प्रत्येक टक्का 200 चौरस फुटांचा, म्हणजे 60 लाखांचा झाला. बांधकाम तीन वर्षं चालणार असेल, तर घरभाडं महिना 5,000 रुपयांनी वाढवल्याने बिल्डरचे 72 लाख जातात. प्रत्येक घरामागे एक लाख कॉर्पस म्हणजे 40 लाख. हे तीन आकडे टिपणात सगळ्यात वर, ठळक हवेत. मग ‘दोन टक्के एरिया सोडा, भाडं पाच हजारांनी वाढवतो’ या उदार वाटणाऱ्या प्रस्तावाचा अर्थ तिथल्या तिथे लागतो: आपण 1 कोटी 20 लाख सोडतोय आणि 72 लाख घेतोय.

आता माघारीकडे वळू. मागणी अशी: 40 टक्के जादा क्षेत्र, 45,000 भाडं, 5 लाख कॉर्पस. प्रेझेंटेशनमध्ये प्रत्येकाची किमान पातळीही दिलेली आहे: 30 टक्के, 38,000 आणि 3 लाख. वेगवेगळ्या पाहिल्या तर तिन्ही मर्यादा रास्त दिसतात. पण तिन्ही ठिकाणी तळाला पोचलो, तर मागणीपासून जवळपास 7 कोटी 80 लाख खाली येतो. दुसऱ्या बिल्डरची लेखी ऑफर हातात आहे: 33 टक्के, 40,000 आणि 3 लाख. ती मागणीपेक्षा 5 कोटी 72 लाखांनी कमी आहे. म्हणजे प्रत्येक मर्यादा पाळूनही आपण हातातल्या पर्यायापेक्षा वाईट सौदा करून घरी येऊ शकतो. म्हणून टिपणात सुट्या मर्यादांच्या खाली एक ओळ हवीच: सगळं मिळून 5 कोटी 72 लाखांपेक्षा जास्त उतरायचं नाही. माझ्या मते अख्ख्या टिपणातली ही सर्वांत मोलाची ओळ आहे.

आकडे स्लाइडवरून उचलू नयेत, मूळ व्यवहार्यता अहवालाशी ताडून घ्यावेत. एका स्लाइडवर 20,000 आणि दुसरीवर 21,200 दिसलं, तर बहुधा कुठेतरी तळमजल्यावरची दुकानं धरली आहेत, कुठेतरी नाहीत. टक्का कशावर, हेही लिहायला हवं. रेराच्या व्याख्येतल्या कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंती धरल्या जातात, बाल्कनी धरली जात नाही. जुनं माप भिंती वगळून घेतलेलं असेल आणि नवं रेराप्रमाणे, तर 35 टक्क्यांतला काही भाग भिंतीच खातात. म्हणून ‘35 टक्के’ एवढं लिहून भागत नाही. दोन्ही मापं कोणत्या पद्धतीची, ते शेजारीच नोंदवावं.

काही गोष्टींना माघार नसते, त्या वेगळ्या चौकटीत जाव्यात. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी सांगितली आहे. ती ‘थोडा एरिया जास्त देतो’ म्हणून सोडायची बाब नव्हे; बिल्डरने काम अर्धवट टाकलं, तर सोसायटीच्या हाती तीच असते.

किमान मर्यादांचं पान मात्र वेगळं ठेवावं. प्रेझेंटेशन सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतं, आणि तिथून बिल्डरपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. या पानाच्या मोजक्याच प्रती काढाव्यात आणि बैठकीला जाणाऱ्यांनीच त्या जवळ बाळगाव्यात. शिवाय दुसऱ्या बिल्डरच्या ऑफरची मुदत त्या पानावर तारखेसकट लिहावी. मुदत उलटली, की 5 कोटी 72 लाखांच्या मर्यादेला आधार उरत नाही, आणि पुढच्या बैठकीआधी ती नव्याने काढावी लागते.