थायरॉइडची गोळी आणि काळी कॉफी

‘गोळीवर दूध चालत नाही, म्हणून मी काळी कॉफी घेते.’ लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. यातला अर्धाच भाग खरा आहे. दुधातल्या कॅल्शियममुळे गोळीचं शोषण थोडं घटतं, पण कॉफीत दूध नसलं तरी ती आडवी येतेच. इटलीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातले रुग्ण गोळीबरोबर किंवा लगेच मागोमाग एस्प्रेसो पीत होते आणि त्यांचा टीएसएच खाली येत नव्हता. गोळी पाण्याबरोबर घेऊन कॉफी तासाभराने पिण्याने फरक पडला.

औषध शोषलं जातं ते लहान आतड्यात. उपाशीपोटी घेतलं तरी साधारण ६० ते ८० टक्केच रक्तात पोहोचतं, म्हणजे मुळातच हातात फार काही शिल्लक नसतं.

रात्री भिजवलेल्या मेथीचं पाणी ‘घरगुती आहे, त्याने काय होतंय’ म्हणून गोळीवरच प्यायलं जातं. हे पाणी बुळबुळीत होतं ते मेथीतल्या विरघळणाऱ्या तंतूंमुळे, आणि जास्त तंतुमय आहाराने या औषधाचं शोषण घटतं, हे माहीत आहे. गाळलेल्या पाण्यात तंतू कमी, दाणे चावून खाल्ले तर बरेच जास्त. मेथीपाण्याने नेमकं किती घटतं, याचा भक्कम पुरावा मात्र नाही. माझ्या मते मेथीला पेय न समजता नाश्ता समजावं आणि गोळीनंतर किमान तासभर थांबावं.

गडबड होते ती अशी. समजा, एका बाईंचा टीएसएच १०० मायक्रोग्रॅमवर २.५ होता. सकाळी मेथीपाणी आणि कॉफी सुरू झाली, तो ८ वर गेला. सवय कोणी विचारली नाही, डोस १२५ झाला. पुढे मेथी सुटली, कॉफी उशिरा होऊ लागली, आणि वाढीव डोस पूर्ण शोषला जाऊन छातीत धडधड सुरू झाली. म्हणून टीएसएच अचानक बदलला, तर डोस बदलण्याआधी डॉक्टरांना गोळीनंतरचा पहिला तास कसा जातो ते सांगावं.

साध्या पाण्याबरोबर गोळी, मग ६० मिनिटं काही नाही. अगदीच जमत नसेल तर निदान अर्धा तास. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांसाठी मात्र चार तासांचं अंतर हवं. सकाळी घाईच असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी घेता येते, फक्त मग झोपतानाचं हळदीचं दूध तेवढं सोडावं लागतं. वेळ बदलली की टीएसएच लगेच तपासू नये. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे खरं चित्र सहा ते आठ आठवड्यांनीच दिसतं.